दोन एसी प्रवाहांची बेरीज: हीटर ४.३०, घरघंटी ५.२०, आणि मुख्य वायरवर ८.२५

या नोंदी सांगलीत, कुपवाड एमआयडीसीच्या वाटेवरच्या एका शेडमध्ये केलेल्या मापनांच्या आहेत. एकाच बोर्डावर दोन भार समांतर जोडले. एक पाण्यात सोडायचा हजार वॅटचा हीटिंग रॉड, दुसरी एक अश्वशक्तीची सिंगल फेज घरघंटी. प्रत्येकाचा प्रवाह माहीत असताना मुख्य वायरमधला प्रवाह किती येणार, एवढाच प्रश्न होता. उत्तर फेझरने, म्हणजे प्रत्येक प्रवाहाला लांबी आणि कोन असलेली रेघ मानून काढायचं आणि प्रत्येक पायरी मीटरवर पडताळायची.

शब्दाचा एक घोळ आधीच मिटवून ठेवू. वायरमन ‘फेज’ म्हणतो तेव्हा त्याला लाईव्ह वायर म्हणायची असते, आणि पुस्तकात ‘फेज’ म्हणजे कोन. इथे वायरीला ‘लाईन’ म्हटलंय. ‘फेज’ हा शब्द फक्त कोनासाठी ठेवलाय.

४ जानेवारी २०२५

बोर्ड पूर्ण झाला. प्लायवूडच्या फळीवर १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, त्याच्यापुढे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, आणि १६ अँपिअरची दोन सॉकेटं. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची. एमसीबी सी प्रकारचा घेतला कारण घरघंटी सुरू होताना क्षणभर कितीतरी पट प्रवाह ओढते. बी प्रकारचा एमसीबी अशा वेळी उगाच पडू शकतो.

बोर्डाची खरी गोष्ट मात्र लाईनच्या तीन वळशांमध्ये आहे. मुख्य लाईन, हीटरची लाईन आणि घरघंटीची लाईन अशा तिन्ही वायरी फळीबाहेर साधारण वीतभर वळसा घेऊन परत आत नेल्या आहेत. क्लॅम्प मीटरचा जबडा त्या वळशात बसतो. अखंड केबलभोवती जबडा लावला तर लाईन आणि न्यूट्रल दोन्ही त्यात येतात, जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खातात आणि वाचन शून्याजवळ राहतं. तिन्ही वळशांवर स्केचपेनने बाण काढले. सुरुवात पुरवठ्याकडे, टोक भाराकडे. हे बाण किती कामाचे ते दुसऱ्याच दिवशी कळलं.

पहिली वाचनं, व्होल्टेज २३० असताना: हीटर ४.३०, घरघंटी दाणे न घालता रिकामी चालवून ५.२०, मुख्य वायर ८.२५ अँपिअर. साधी बेरीज ९.५० होते. सव्वा अँपिअर कुठेही गळत नाहीये. दोन्ही प्रवाह आपापल्या शिखरावर एकाच क्षणी पोचत नाहीत. एक उतरणीला लागलेला असताना दुसरा अजून चढत असतो, त्यामुळे एकूण प्रवाहाचं शिखर दोन शिखरांच्या बेरजेपेक्षा ठेंगणं राहतं. दर क्षणाची बेरीज मात्र अगदी सरळ असते. किरचॉफचा नियम कुठेच मोडत नाही. आपण बेरीज करत असतो ती आरएमएस आकड्यांची, म्हणजे मीटर दाखवतो त्या परिणामी मूल्यांची, आणि त्या आकड्यांत कोनाचा पत्ता नसतो.

५ जानेवारी

आज एकाच जबड्यात दोन लाईनी घातल्या. हीटरचा आणि घरघंटीचा वळसा शेजारी शेजारी धरून क्लॅम्प बंद केला. क्लॅम्प मीटरला वायरी मोजता येत नाहीत. जबड्यातून जाणाऱ्या सगळ्या प्रवाहांचं मिळून जे चुंबकीय क्षेत्र बनतं, त्यावरच तो आकडा देतो. म्हणजे फेझर बेरीज करणारं यंत्र आपल्या हातातच आहे, फक्त आपण ते त्या कामाला लावत नाही.

पहिलं वाचन आलं ४.८३. मुख्य वायर ८.२५ दाखवत असताना दोन्ही मिळून ४.८३? हीटरच्या वळशातला बाण जबड्यात उलटा गेला होता. वळसा फिरवून घातला आणि ८.२५ आलं.

चुकून मिळालेलं ४.८३ मात्र ठेवून दिलं, कारण ते दोन प्रवाहांची वजाबाकी आहे. एक वायर उलटी घातली की तिचा फेझर १८० अंशांनी फिरतो. साधी वजाबाकी ५.२०-४.३०, म्हणजे ०.९०, होते आणि मीटर ४.८३ दाखवतो. बेरजेत सव्वा अँपिअरचा फरक पडला होता, वजाबाकीत जवळजवळ चार अँपिअरचा पडला. कोनाची जाणीव करून द्यायची असेल तर वजाबाकीचं वाचन बेरजेपेक्षा जास्त बोलकं ठरतं.

दोन्ही वाचनं हातात असली की मीटरची एक परीक्षा घेता येते. समांतरभुज चौकोनात दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चार बाजूंच्या वर्गांच्या बेरजेएवढी असते. इथे बेरीज हा एक कर्ण आणि वजाबाकी हा दुसरा.

```
8.25^2 + 4.83^2       = 68.06 + 23.33   = 91.39
2 * (4.30^2 + 5.20^2) = 2*(18.49+27.04) = 91.06
```

फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आहे, तेव्हा चारही वाचनं एकमेकांशी जुळतात. हा फरक पाच टक्क्यांवर गेला तर आधी बघायचं की मधल्या वेळात व्होल्टेज हललं का. संध्याकाळी एकदा व्होल्टेज २३८ झालं होतं. तेव्हा हीटर ४.४५ वर गेला, तो व्होल्टेजच्या प्रमाणात. घरघंटी ५.५५ वर गेली, ती प्रमाणाबाहेर, कारण वाढीव व्होल्टेजला मोटरच्या लोखंडात संपृक्तता येऊ लागते आणि चुंबकनाचा प्रवाह भराभर वाढतो. म्हणून चारही वाचनं दोन मिनिटांत उरकायची आणि दरवेळी व्होल्टेज शेजारी लिहायचं.

६ जानेवारी

कागदावरची बेरीज. समांतर जोडणीत दोन्ही भारांना व्होल्टेज एकच मिळतं, म्हणून व्होल्टेजचा फेझर आडवा, उजवीकडे ठेवला आणि सगळे कोन त्याच्यापासून मोजले. मालिकेत जोडलेलं असतं तर प्रवाह समान राहिला असता आणि आडवी रेघ त्याला मिळाली असती. बेरीज चुकते ती बहुतेक इथेच. दोन प्रवाहांचे कोन दोन वेगळ्या गोष्टींपासून मोजलेले असतात आणि ते तसेच एकत्र केले जातात.

आलेख कागदावर १ अँपिअरला २ सेंटिमीटर धरले. हीटर म्हणजे निव्वळ रोध, त्याचा प्रवाह व्होल्टेजबरोबरच चालतो: ८.६ सेंटिमीटरची आडवी रेघ. घरघंटीची लांबी १०.४ सेंटिमीटर, पण दिशा माहीत नाही. एकूण प्रवाह १६.५ सेंटिमीटर, त्याचीही दिशा माहीत नाही.

म्हणजे त्रिकोणाच्या तीन बाजू हातात आहेत, कोन एकही नाही. सातवी-आठवीची रचना: आडव्या रेघेच्या उजव्या टोकावर कंपासचं टोक ठेवून १०.४ चा कंस मारला, डाव्या टोकावर ठेवून १६.५ चा. कंस जिथे छेदले तिथे घरघंटीच्या फेझरचं टोक. कोनमापकाने आडव्या रेघेच्या पुढच्या भागाशी कोन मोजला तर साधारण ६० अंश. कंपासपेटीतला ३०-६० चा गुण्या तिथे फटीविना बसला. गणिताने:

```
cos φ = (S^2 - D^2) / (4 * I1 * I2)
      = (68.06 - 23.33) / (4 * 4.30 * 5.20)
      = 44.73 / 89.44 = 0.500      φ = 60°
```

यात S म्हणजे बेरजेचं वाचन, D म्हणजे वजाबाकीचं. एकट्या S वरूनही कोन निघतो, पुस्तकातली तीन अँमीटरची पद्धत ती हीच. पण D सोबत घेतलं तर एकेका वाचनातली लहानसहान चूक निम्म्याने पचते.

एकट्या S वरून कोन काढायच्या पद्धतीला एक मर्यादा आहे. बेरजेच्या वाचनात ०.१ अँपिअरची चूक झाली तर ६० अंशांजवळ कोन फक्त अडीच अंशांनी हलतो. तेवढीच चूक कोन १० अंश असताना झाली तर उत्तर जवळजवळ १० अंशांनी भरकटतं, किंवा कोसाइन एकाच्या वर जाऊन कोन निघतच नाही, म्हणजे उत्तराला काही अर्थच उरत नाही. शून्याजवळ कोसाइनचा आलेख सपाट असतो, त्याचा हा परिणाम. दोन हीटरांमधला कोन या पद्धतीने काढायला कोणी बसू नये.

आणि खरी अडचण पुढेच आहे. ते दोन कंस एका जागी छेदत नाहीत. आडव्या रेघेच्या वर एकदा छेदतात आणि खाली एकदा. वरचा बिंदू सांगतो की घरघंटीचा प्रवाह व्होल्टेजच्या ६० अंश पुढे आहे, खालचा सांगतो ६० अंश मागे आहे. तिन्ही लांब्या दोन्हीकडे तंतोतंत त्याच. मोटर म्हटल्यावर प्रवाह मागेच असणार हे पाठ असतं, पण पाठ असणं म्हणजे मापन नव्हे. क्लॅम्प मीटरला वर आणि खाली यातला फरक कळत नाही.

८ जानेवारी

वर की खाली, हे ठरवायला कपॅसिटर. कपॅसिटरचा प्रवाह व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असतो, म्हणून कागदावर तो सरळ उभा, वर जाणारा. तो जोडल्यावर एकूण प्रवाह घटला तर मूळ टोक रेघेच्या खाली होतं. वाढला तर वर होतं.

मोटर-रन प्रकारचा ३६ मायक्रोफॅरडचा, ४४० व्होल्ट एसीचा कपॅसिटर घेतला. दुकानात मोटरचा कपॅसिटर मागितला की कधी कधी स्टार्ट प्रकारचा, काळ्या डबीतला, ८०-१०० मायक्रोफॅरडचा हातात येतो. तो काही सेकंदांपुरताच बनवलेला असतो. सतत लाईनवर ठेवला की तापतो, फुगतो आणि फुटतो. कपॅसिटर बोर्डावर लाईन आणि न्यूट्रलमध्ये जोडला, घरघंटीच्या आत नाही. त्याच्या दोन्ही टोकांना १०० किलोओहमचा, १ वॅटचा रेझिस्टर कायमचा डकवला. बंद करताना क्षण नेमका शिखराचा पडला तर कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट अडकून राहतात. या रेझिस्टरने ते वीसेक सेकंदांत उतरतात. तरीही हात लावण्याआधी मीटरने बघायचं.

२३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला ३६ मायक्रोफॅरडमधून २.६० अँपिअर जायला हवेत. क्लॅम्पवर आले २.६२. आणि मुख्य वायर ८.२५ वरून ७.१८ वर उतरली. एक जादा प्रवाह जोडला आणि एकूण प्रवाह एक अँपिअरने कमी झाला. मूळ टोक खालीच होतं. घरघंटी लॅगिंग, कोन उणे ६०.

आता पूर्ण बेरीज आडव्या-उभ्या घटकांनी करता येते. घरघंटीचा आडवा घटक ५.२० गुणिले कोसाइन ६०, म्हणजे २.६०. उभा घटक ५.२० गुणिले साइन ६०, म्हणजे ४.५०, खाली. हीटरचे ४.३० सगळे आडवे. एकूण आडवं ६.९०, उभं उणे ४.५०. वर्ग, बेरीज, वर्गमूळ: ८.२४. कोन उणे ३३ अंश. कपॅसिटर लावल्यावर उभं उणे ४.५० अधिक २.६०, म्हणजे उणे १.९० उरतं, आडवं तसंच राहतं, आणि बेरीज ७.१६ येते. मीटर ७.१८.

मग दुसरा ३६ चा समांतर लावला, एकूण ७२: हिशेब ६.९४, मीटर ६.९७. तिसरा लावला, १०८: हिशेब ७.६५, मीटर ७.६८. पहिल्याने एक अँपिअरहून जास्त कमी केला, दुसऱ्याने पाव अँपिअरही नाही, तिसऱ्याने उलट वाढवला. ७२ वरच उभा घटक अधिक ०.७० झाला होता, म्हणजे टोक आडवी रेघ ओलांडून वर गेलं होतं. अँमीटरला त्याचा पत्ता लागत नाही. नेमका तोल ६२ मायक्रोफॅरडच्या आसपास आहे, पण ५० लावले काय आणि ७२ लावले काय, एकूण प्रवाहात फरक फक्त दुसऱ्या दशांशस्थळाचा. उभा घटक लहान झाला की त्याचा वर्ग ६.९० च्या वर्गापुढे नगण्य ठरतो. ‘अँमीटर सगळ्यात कमी दाखवेल तिथे कपॅसिटर पक्का करा’ असं सर्रास सांगितलं जातं. त्या पद्धतीने दहा-बारा मायक्रोफॅरड इकडेतिकडे सहज होतात.

या सगळ्यात घरघंटीच्या स्वतःच्या वळशावरचं वाचन ५.२० च राहिलं. कपॅसिटर बोर्डावर आहे, त्यामुळे हलका झाला तो बोर्डाआधीचा रस्ता. घरघंटीला त्याची खबरही नाही.

९ जानेवारी

हीच बेरीज संगणकावर.

```python
import cmath, math
h = cmath.rect(4.30, 0)
g = cmath.rect(5.20, math.radians(-60))
s = h + g
print(round(abs(s), 2), round(math.degrees(cmath.phase(s)), 1))
```

उत्तर `8.24 -33.1`. फेझरला अशी संमिश्र संख्या मानून एसीचं गणित करायची रीत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागोच्या विद्युत परिषदेत मांडली. आज ती पाच ओळींत बसते, आणि चूकही त्याच पाच ओळींत बसते. `math.radians` विसरून नुसतं -60 लिहिलं तर उत्तर १.७१ येतं. ते संशयास्पद दिसतही नाही, कारण दोन प्रवाहांची बेरीज ०.९० ते ९.५० यांच्यामध्ये कुठेही असू शकते आणि १.७१ त्यात बसतं. कॅल्क्युलेटर रेडियनवर राहिला तरी हेच होतं. दरवेळी साइन ३० करून बघायचं. ०.५ आलं तर पुढे जायचं.

११ जानेवारी

ऑसिलोस्कोपवर कोन थेट बघितला. स्कोपचा प्रोब लाईनवर ठेवायचा नाही. त्याची ग्राउंड क्लिप अर्थिंगला जोडलेली असते, आणि ती लाईनला लागली की सरळ शॉर्ट. म्हणून प्रत्येक वळशात १०००:१ ची एक करंट ट्रान्सफॉर्मरची कडी घातली आणि तिच्या दुय्यम टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर लावला. ५.२० अँपिअरला तिथे ०.५२ व्होल्ट मिळतात, शिखराला ०.७४. वळशात प्रवाह वाहत असताना तो रेझिस्टर काढायचा नाही. दुय्यम बाजू उघडी पडली की व्होल्टेज अवाच्या सवा चढतं.

आधी दोन्ही कड्या एकाच वायरवर ठेवून दोन्ही रेघा एकमेकींवर बसतात का ते पाहिलं. फरक ०.१ मिलिसेकंदापेक्षा कमी. ५० हर्ट्झला २० मिलिसेकंदांचं एक चक्र, म्हणजे एका मिलिसेकंदाला १८ अंश. तेव्हा कड्यांची आपसातली चूक दोन अंशांच्या आत. ही तपासणी केली नाही तर कडीचा स्वतःचा सरक भाराच्या नावावर चढतो.

मग एक कडी हीटरवर, दुसरी घरघंटीवर. घरघंटीची रेघ ३.३ मिलिसेकंद मागे, म्हणजे ५९-६० अंश. क्लॅम्पच्या हिशेबाशी जुळलं. फक्त घरघंटीची लाट स्वच्छ साइन नव्हती, शिखराजवळ ती टोकदार होती. शून्याजवळ ती किंचित रेंगाळते, त्यामुळे तिथे कर्सर ३.२ वर ठेवावा की ३.४ वर, हे बघणाऱ्यावर अवलंबून राहतं.

एक कडी पालथी बसवली तर घरघंटी ६.७ मिलिसेकंद पुढे दिसते, म्हणजे १२० अंश पुढे. मोटर व्होल्टेजच्या पुढे धावताना दिसली की आधी कडीवरचा बाण बघायचा.

१३ जानेवारी

भोगी. बाजरीचं पीठ हवंच होतं, तेव्हा तोच भार. बाजरी एकसारखी पडत राहील असा झाकणाचा पत्रा अर्धा उघडा ठेवला आणि व्होल्टेज २३० वर असताना वाचनं घेतली.

घरघंटी ५.२० वरून ६.३७ वर गेली. हीटर ४.३०. बेरीज ९.८४, वजाबाकी ४.६०. सूत्रात घातलं तर कोसाइन ०.६९ आणि कोन ४६ अंश.

घटक काढल्यावर मजा दिसते. आडवा घटक २.६० वरून ४.४० झाला. उभा ४.५० होता, तो ४.६० झाला. म्हणजे दळणाचं काम वाढलं तेव्हा फेझरचं टोक त्याच तिरक्या दिशेने लांब न जाता जवळजवळ सरळ उजवीकडे सरकलं. उभा घटक मोटरच्या चुंबकनाचा आहे. बाजरी पडो वा न पडो, लोखंडात चुंबकत्व जागतं ठेवायचंच असतं. आडवा घटक कामाचा आहे, तो दाण्याबरोबर वाढतो. रिकाम्या मोटरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे या कोनाचा कोसाइन, इतका वाईट का, याचं उत्तर या एका रेघेत आहे. आणि रिकाम्या मोटरवर मोजून बसवलेला कपॅसिटर भरल्या मोटरलाही बहुतांशी चालतो, तो याच कारणाने.

या वेळी वजाबाकीचं ४.६० हे वाचन योगायोगाने उभ्या घटकाएवढंच आलं. हीटरचे ४.३० आणि घरघंटीचे आडवे ४.४० एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, उरतो तो फक्त उभा भाग. जाणूनबुजून वापरावी अशी युक्ती: हीटरचा प्रवाह मोटरच्या आडव्या घटकाएवढा जुळवला की क्लॅम्प थेट चुंबकनाचा प्रवाह दाखवतो.

१६ जानेवारी

फेझर कुठे फसतो ते पाहिलं. हीटरच्या आधी डिमर लावला आणि तो दर अर्धचक्राचा पहिला अर्धा भाग कापेल असा, म्हणजे ९० अंशांवर ठेवला. घरघंटी पुन्हा रिकामी.

हीटर ३.०४ अँपिअर. निव्वळ रोध आहे असं मानून कोन शून्य धरला तर बेरीज ७.२२ यायला हवी. मीटर ७.७३ दाखवतो. अर्ध्या अँपिअरची चूक, आणि तीही साध्या हीटरवर.

कापलेली लाट ही एका वारंवारतेची लाट राहत नाही. तिच्यातला ५० हर्ट्झचा भाग २.५५ अँपिअर आहे आणि तो व्होल्टेजच्या ३२ अंश मागे आहे. कॉइलचं नावही नसताना प्रवाह मागे पडतो, कारण डिमर दर वेळी उशिरा चालू होतो. उरलेला १.६५ अँपिअर १५०, २५० हर्ट्झ आणि त्यापुढच्या हार्मोनिकांचा. फेझरने बेरीज करायची ती ५० च्या भागाची घरघंटीच्या ५० च्या भागाशी. हार्मोनिकांना घरघंटीत फारसा जोडीदार नाही, ते शेवटी वर्ग करून वेगळे मिळवायचे. तसं केल्यावर ७.५५ आणि १.६५ यांच्यापासून ७.७३ बरोबर येतं.

इथे एक सापळा आहे. बेरीज ७.७३, वजाबाकी ३.५७ घेऊन ५ तारखेची वर्गांची परीक्षा लावली तर ती झकास उत्तीर्ण होते. ती परीक्षा लाटेच्या आकाराची नाही, मीटरची आहे. कोणत्याही दोन लाटांच्या खऱ्या आरएमएसला ती लागू पडते. तीन अँमीटरच्या सूत्राने याच वाचनांवरून ४२ अंश येतात, पण तो कोन कागदावर कुठेही दाखवता येत नाही. ५० हर्ट्झच्या दोन भागांमधला खरा कोन २७-२८ अंश आहे. लाट साइन आहे की नाही, हे शेवटी स्कोपवरच कळतं.

‘ट्रू आरएमएस’ न लिहिलेला स्वस्त क्लॅम्प तर हीटरलाच २.१५ दाखवतो. तो सरासरी मोजून तिला १.११ ने गुणतो, आणि तो गुणक फक्त साइन लाटेला लागू आहे.

१९ जानेवारी

वारंवारता वेगळी असेल तर काय, हे शेवटचं. हीटर पेट्रोल जनरेटरवर घेतला, घरघंटी नेहमीच्या पुरवठ्यावर. दोन्ही सर्किटं पूर्ण वेगळी, न्यूट्रलसुद्धा एकमेकांना जोडलेला नाही. फक्त दोन्ही लाईनी एका जबड्यात घातल्या. जनरेटर ४९.६ हर्ट्झवर होता.

क्लॅम्पचा आकडा थांबेना. एकपासून नऊच्या पुढे जातो आणि परत उतरतो. एका फेरीला अडीच सेकंद, कधी थोडे जास्त. ४९.६ आणि ५० मध्ये ०.४ हर्ट्झचा फरक आहे, म्हणजे दोन फेझरमधला कोन अडीच सेकंदांत पूर्ण ३६० अंश फिरतो. खालचं टोक साध्या वजाबाकीचं, ०.९०, आणि वरचं साध्या बेरजेचं, ९.५०. मिरजेत तंबोरा लावताना जोडीच्या दोन तारा किंचित बेसूर असल्या की आवाज जो हेलकावतो, तोच हा हेलकावा, फक्त मीटरच्या आकड्यात. तार सुरात आली की हेलकावा लांबत लांबत थांबतो. जनरेटरचा गव्हर्नर हळूहळू फिरवला तसे आकडेही मंदावत गेले, पण थांबले कुठे, तर एकदा ६.८ वर आणि पुढच्या वेळी ३.१ वर. वारंवारता जुळली तरी कोन कोणता पकडला जाईल ते ठरलेलं नसतं.